सठीची पूजा: सहाव्या रात्रीची मांडणी, क्रम आणि बाळाजवळच्या वस्तू

एखाद्याच्या घरी पैशाची चणचण कायमचीच असेल, तर आपण म्हणतो, 'दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलंय.' बोलणाऱ्याला बहुतेक वेळा ही पाचवी कुठली ते आठवत नाही. ती जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची पूजा. तिच्या दुसऱ्या दिवशी, सहाव्या रात्री येते ती सठी. संस्कृतातल्या षष्ठीची मराठीत सटी, सठी, सटवी आणि सटवाई अशी रूपं झाली. या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवायचा आणि घरातल्या कोणीतरी जागायचं. पूजेचा गाभा एवढाच. बाकी बऱ्याच गोष्टी घरोघरी बदलतात.

काही घरांत पाचवीलाच पाटा पुजून सहाव्या रात्री फक्त जागतात. काही घरांत पाचवी आणि सहावी दोन्ही वेगवेगळ्या करतात, तर काही ठिकाणी सगळं बाराव्या दिवसावर नेतात आणि घराबाहेर खडे मांडून सटवाई पुजतात. यात कोणाची रीत खरी, हा वाद घालू नये. सासरची रीत विचारावी. ती सांगणारं कोणी उरलं नसेल तर माहेरची धरावी. इथे दिलेला क्रम पाटा मांडून केलेल्या सहाव्या रात्रीच्या पूजेचा आहे.

रात्र मोजताना होणारी चूक

जन्माचा दिवस हाच पहिला दिवस. सोमवारी दुपारी बाळ झालं तर शनिवार सहावा आणि पूजा शनिवारी रात्री. इथपर्यंत गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो मध्यरात्रीनंतर जन्मलेल्या बाळांचा. आपल्या जुन्या मोजणीत दिवस सूर्योदयाला बदलतो, तर दवाखान्याच्या कागदावर तो रात्री बाराला बदलतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. मंगळवारी 11 तारखेची रात्र उलटून 2 वाजून 40 मिनिटांनी शस्त्रक्रियेने मुलगी झाली. जन्माच्या दाखल्यावर 12 तारीख, बुधवार. पण त्या वेळी सूर्य उगवलेला नव्हता, म्हणून जुन्या हिशेबाने पहिला दिवस मंगळवारचाच. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी असं मोजलं की सहावी रात्र रविवारी 16 तारखेला येते. तारखेने मोजणारा सोमवार 17 सांगेल. दोन्ही आज्या वेगवेगळा वार सांगू लागतात ते याच कारणाने, आणि दोघींचंही आपापल्या मोजणीने बरोबर असतं. घरात एक मोजणी पक्की करायची. शक्यतो जी पाचवी आणि बारशालाही वापरणार तीच, नाहीतर पुढे पुन्हा तोच घोळ होतो. या उदाहरणात रविवार धरू.

वेळ सूर्यास्तानंतरची, रात्रीच्या पहिल्या प्रहरातली. साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान पूजा उरकली म्हणजे बाळंतिणीला नऊला आडवं होता येतं. 'मध्यरात्रीच करायची' असा आग्रह काही जण धरतात. त्याची गरज नाही. मध्यरात्र सटवाईच्या येण्याची, पूजेची नव्हे.

सोयर चालू असताना पूजा कशी करायची, हा प्रश्नही हमखास निघतो. देव्हाऱ्यातली रोजची पूजा सोयरात घरच्यांनी करत नाहीत हे खरं. पण या पूजेला शास्त्रानेच वाट ठेवली आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधु'त पाचव्या-सहाव्या दिवशी विघ्नेश, जन्मदा, षष्ठी आणि जीवंतिका यांचं पूजन सांगितलं आहे. जन्माचा पहिला दिवस, पाचवा, सहावा आणि दहावा या दिवशी दान देण्या-घेण्याला दोष धरलेला नाही. म्हणून सठीला सुईणीला साडी किंवा शिधा देता येतो. देव्हाऱ्यातले देव मात्र हलवायचे नाहीत. ही पूजा स्वतंत्र जागी होते.

पाटा हीच देवी

सटवाईची मूर्ती लागत नाही. ज्या घरात तिचा चांदीचा टाक असेल तिथे टाक मांडतात. नाहीतर पाटा-वरवंटा हेच तिचं रूप. उभा किंवा आडवा पाटा आणि त्यावर ठेवलेला वरवंटा. वरवंटा हे बाळाचं रूप धरून त्याला कुंची किंवा टोपडं घालायची रीतही काही घरांत आहे.

पाटा आदल्या दिवशी धुवायचा. रोजच्या वापरातला असेल तर त्याच्या टाक्यांमध्ये मिरची आणि लसूण बसलेला असतो. ओल्या पाट्यावर हळद लावली की तो वास उठतो आणि तिखट हाताला लागतं. त्याच हाताने नंतर बाळाला घेतलं तर त्याच्या डोळ्यांची आग होते. म्हणून ताठ ब्रशने घासून, मूठभर जाडे तांदूळ कोरडेच पाट्यावर वाटून ते फेकून द्यायचे आणि मग धुऊन रात्रभर वाळवायचा. ओला पाटा आणखी एका कारणाने चालत नाही. त्यावर कुंकवाची आकृती फुटते, सगळं गुलाबी पाणी होतं आणि खालची पासोडी रंगते.

आपल्या उदाहरणातल्या फ्लॅटमध्ये पाटा नाही, मिक्सर आहे. अशा वेळी शेजारून पाटा आणण्याची धडपड करतात. वीस-पंचवीस किलोचा दगड तिसऱ्या मजल्यावर चढवण्यापेक्षा घरातला दगडी खलबत्ता घ्यावा. तोही नसेल तर लाकडी पाटावर तांदळाची रास करून त्यावर सुपारी मांडावी. जुन्या ग्रंथातही देवतांचं आवाहन तांदळाच्या पुंजावर किंवा सुपारीवर करतात, त्यामुळे हा कमीपणाचा पर्याय नाही. मिक्सरचं भांडं मात्र कोणी मांडू नये. ते हास्यास्पद दिसतं आणि त्याची गरजही नाही.

मांडणी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीला लागून करतात. जमीन पुसून तिथे छोटी रांगोळी काढायची. त्यावर पाट, पाटावर धुतलेला कापडाचा तुकडा, त्यावर दीड वाटी तांदळाची पसरट रास आणि राशीवर पाटा किंवा खल. हळदीत थोडं पाणी घालून घट्ट लेप करायचा आणि बोटाने पाट्यावर उभी रेघ, आडवे हात आणि वर डोकं अशी साधी बाई काढायची. तिच्या अंगावर कुंकवाची सहा बोटं उमटवायची. चित्र सुबक नसलं तरी चालतं. लेप पातळ झाला की हात-पाय ओघळतात, म्हणून हळदीला बेताचंच पाणी घालावं. पाट्याच्या पाठीमागे खण उभा घडी करून टेकवायचा. तो दिव्याच्या बाजूला येणार नाही एवढं पाहायचं.

सामान फार नाही आणि ते सहा-सहाच्या हिशेबाने काढलं की विसरायला होत नाही. विड्याची पानं बारा, म्हणजे दोन-दोनचे सहा विडे. प्रत्येक विड्यावर एक सुपारी, एक खारीक, एक बदाम आणि एक हळकुंड. यातलं एक तरी हळकुंड लेकुरवाळं असावं, म्हणजे ज्याला बाजूने कोंब फुटलेले आहेत असं. दोन नारळ, एक ओटीचा आणि एक फोडायचा. हळद, कुंकू, अक्षता, कापसाची वस्त्रं, गूळ-खोबरं, फुलं. आघाडा किंवा दूर्वा मिळाल्या तर घ्याव्या, नाही मिळाल्या तर अडत नाही. या सगळ्यासाठी बाजारात तयार पुडी मिळते, पण तिच्यातली हळकुंडं बहुधा तुटकी आणि सुपाऱ्या किडक्या निघतात. त्या तेवढ्या वेगळ्या घेतलेल्या बऱ्या.

कणकेचे दिवे

सहा दिवे लागतात. ते ऐन वेळी करायला घेतले की बिघडतात, कारण सगळ्यांना कणीक पोळीसारखी मऊ भिजवायची सवय असते. मऊ कणकेचा दिवा तापला की कडेने बसतो आणि तूप वाहून तांदळात जातं. एक भरगच्च वाटी कणीक, दोन चिमटी हळद आणि मीठ अजिबात नाही. पाणी चमचा-चमचा घालत, पुरीच्या कणकेहून घट्ट गोळा मळायचा. त्याचे लिंबापेक्षा थोडे लहान असे सहा गोळे करून अंगठ्याने खळगा पाडायचा. तळ पुरेसा जाड ठेवायचा, करंगळीच्या जाडीचा. मोदकपात्रात किंवा चाळणीत दहा-बारा मिनिटं वाफवले की ते घट्ट होतात आणि चिरत नाहीत. दुपारी करून ठेवले तरी चालतात, फक्त ओल्या फडक्याखाली ठेवावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत कडा तडकतात.

फुलवात तुपात बुडवून मगच ठेवायची. कोरडी वात ठेवून वर तूप ओतलं तर ती तरंगते आणि कणीकच जळू लागते. असा दिवा पंधरा-वीस मिनिटं तेवतो, म्हणजे आरतीपुरता. रात्रभराचा दिवा वेगळा. त्याची गफलत करू नये.

पूजेचा क्रम

पूजा कोण करतं? पूर्वी सुईण करायची, कारण नाळ तिने कापलेली असायची. आज ती जागा बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला येणाऱ्या बाईला मिळते किंवा घरातली वडीलधारी सवाष्ण पूजा करते. बाळंतिणीने मांडणीपासून आरतीपर्यंत ताटकळत बसायचं नसतं. तिने फक्त ओटी आणि नमस्कारापुरतं यायचं.

आधी समई लावायची. नारळ, विडे, फुलं, सगळं मांडून झालं की गणपतीच्या नावाने एक सुपारी विड्यावर ठेवून तिला हळद-कुंकू वाहायचं. मग पाट्यावरच्या सटवाईला पाण्याचे थेंब शिंपडायचे, हळद, कुंकू, अक्षता, वस्त्र, फुलं या क्रमाने वाहायचं. जिवतीचं नाव घेऊन तिच्या वाट्याचा विडा वेगळा ठेवायचा. मंत्र म्हणायचा असेल तर परंपरेत हा श्लोक आहे:

गौर्याः पुत्रो यथा स्कन्दः शिशुत्वे रक्षितः पुरा ।
तथा ममाप्ययं बालः षष्ठिके रक्ष्यतां नमः ॥

गौरीच्या मुलाला, स्कंदाला, त्याच्या लहानपणी तू जसं राखलंस तसं माझ्या या बाळाला राख, एवढाच त्याचा अर्थ. षष्ठी ही स्कंदाची पत्नी देवसेना असंही सांगतात. श्लोक येत नसेल तर 'सटवाई, बाळाला सांभाळ, चांगलं लिही' हे मराठीत म्हटलेलं तितकंच चालतं. बायकांनी बायकांसाठी राखलेली ही पूजा आहे, तिला भटजी लागत नाही.

मग पाट्याची ओटी भरायची: खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. त्यानंतर बाळंतिणीला आणायचं. शस्त्रक्रिया झालेली असेल, जशी आपल्या उदाहरणात आहे, तर तिला जमिनीवर बसवून वाकायला लावू नये. टाक्यांवर ताण येतो आणि उठताना पोटाला हात धरून दोघींना ओढावं लागतं. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसवावं, तांदूळ आणि फूल तिच्या हाताला लावून दुसरीने वाहावं. बाळ तिच्या मांडीवर दोन मिनिटं, मग आत्या किंवा मावशीकडे. सहा दिवे लावून ताटात ठेवायचे आणि देवीला ओवाळायचं. बाळाला ओवाळताना ताट हातभर लांब ठेवावं. सहा पेटत्या वाती, झबल्याची नाडी आणि पुढे झुकलेल्या बाईचा पदर एवढं एका जागी येतं, म्हणून पदर आधी खोचून घ्यावा.

नैवेद्य साधा, वरण-भात, तूप, लिंबू आणि एखादं गोड. हरभऱ्याच्या घुगऱ्या करून वाटतात. आदल्या रात्री भिजवलेले पाव किलो हरभरे दहा-बारा जणींना पुरतात. शेवटी पूजा करणारीची ओटी, साडी किंवा खण आणि शिधा. शिध्यात तांदूळ, डाळ, गूळ, तेल आणि मीठ विसरू नये.

हे सगळं पाऊण तासात होतं. त्यापेक्षा लांबलं तर समजावं की पाहुण्या जास्त झाल्या. सहा दिवसांच्या बाळाला वीस जणींनी हाताळायचं कारण नाही. पाच-सहा जणी बोलवाव्या, हात साबणाने धुवूनच खोलीत घ्यावं, आणि कोणाला सर्दी-खोकला असेल तिने घुगऱ्या घेऊन दारातूनच जावं. मुका घेणं हा तर सरळ नकोच असलेला प्रकार.

कोरा कागद आणि लेखणी

या रात्रीची सगळ्यांत लक्षात राहणारी वस्तू हीच. कागद खरोखर कोरा हवा, रेघा नसलेला, कंपनीचं नाव नसलेला, मागे काही छापलेलं नसलेला. पाठकोरा कागद ठेवण्याची काटकसर इथे शोभत नाही, तिने कुठे लिहायचं? चारही कोपऱ्यांना कुंकवाचं बोट लावायचं, मधली जागा मोकळी. बोरू आणि दौत असेल तर उत्तम. पण शाईची उघडी दौत ठेवू नये, रात्री बाळासाठी उठणारीचा पाय हमखास तिला लागतो. पेन ठेवलं तर टोपण काढून ठेवतात. शाईचं पेन असेल तर ते आडवं ठेवल्यावर गळतं आणि सकाळी कागदावर निळा डाग दिसतो. मग त्या डागाचे अर्थ लावत घर बसतं. साधं बॉलपेन किंवा पेन्सिल घेतली की हा प्रश्नच उरत नाही.

कागद पाट्यापुढे ठेवायचा, वर पेन, पेनावर दोन अक्षता. काही घरांत तो बाळाच्या उशाशी ठेवतात. सकाळी त्यावर काही दिसायचं नसतंच, सटवाईचं अक्षर वाचता येत नाही. तो घडी करून पत्रिकेसोबत ठेवून देतात.

उशाशी म्हणजे अंथरुणात नव्हे

बाळाजवळ ठेवायच्या वस्तूंबद्दल खरी काळजी घ्यावी लागते ती इथे. विळा किंवा सुरी, कडुलिंबाचा पाला, काळा दोरा, लसूण, वेखंड, दिवा, धुरी. यादी घराघरांत लांबत जाते. या सगळ्यांचा मूळ हेतू राखण हा. जुन्या ग्रंथांतही बाळंतिणीच्या खोलीत अग्नी, दिवा, शस्त्र आणि मुसळ ठेवायला सांगितलं आहे. खोलीत, बाळाच्या गादीवर नाही. 'उशाशी' या शब्दाचा अर्थ खोलीच्या डोक्याच्या बाजूला असा घेतला की रीतही राहते आणि धोकाही टळतो. बाळाच्या अंथरुणात सपाट गादी आणि त्यावर घट्ट बसवलेली चादर एवढंच असावं. उशी, खेळणं, पुरचुंडी यातलं काहीही त्याच्याजवळ सैल पडलेलं नको, श्वास कोंडायला तेवढं पुरतं.

लोखंडी शस्त्र म्हणून विळ्यापेक्षा अडकित्ता घ्यावा. तो मिटतो. मिटवून त्याला लाल दोऱ्याचे सात-आठ वेढे द्यायचे, फडक्यात गुंडाळायचा आणि पलंगाखाली किंवा पाट्याच्या मागे ठेवायचा. उशीखाली ठेवलेली सुरी रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत दुपटं शोधणाऱ्या हाताला लागते. विळाच ठेवायची रीत असेल तर तो पाट्यापुढे, पातं भिंतीकडे करून ठेवावा.

पूर्वी हा विळा नुसता राखणीचा नव्हता. बाळाची नाळही अनेक घरांत विळ्यानेच कापली जायची. त्याच्या गंजातून आणि मातीतून धनुर्वाताचे जंतू नाळेत जात आणि लक्षणं बहुतेक जन्मानंतर साधारण पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास दिसू लागत. बाळ दूध ओढेनासं होई, जबडा आवळला जाई. सहाव्या रात्रीच्या भीतीला असा एक अगदी ठोस आधार होता. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे हे बदललं, 2015 साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. पण नाळेचा नियम तोच आहे. सहाव्या दिवशी ती बहुधा गळालेली नसते. तिच्यावर पूजेची हळद, अंगारा, तेल, राख यातलं काही लावायचं नाही. ती कोरडी आणि उघडी ठेवायची.

कडुलिंबाचे पाच-सात डहाळे दाराच्या वर बांधतात. ते दारावरच राहू द्यावे, पाळण्याला नको. पानं झडतात आणि त्यातले किडे खाली येतात. काळा दोरा किंवा मनगट्या हाताला बांधल्या तर आपलं करंगळीचं टोक आत जाईल एवढ्या सैल असाव्या आणि त्यात ओवलेला मणी गाठीने पक्का हवा. गळ्यात दोरा बांधून बाळाला झोपवू नये, कितीही सैल असला तरी. काजळाची तीट डोळ्यात घालण्याऐवजी तळपायाला लावली की दृष्टही निघते आणि डोळेही राहतात. बिब्बा मात्र बाळाच्या आसपासही नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, आणि आईच्या हाताला लागलेलं बाळाला पोहोचतं. बाळाला चाटवायला कोणी मध पुढे केला तर नाही म्हणावं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत.

धुरीची गंमत अशी की ती चांगली वाटते म्हणून जास्त केली जाते. वावडिंग, ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली, सगळं मिळून दोन चमचे पुरतं. ती बाळ दुसऱ्या खोलीत असताना करायची, दहा मिनिटांनी खिडक्या उघडायच्या आणि धूर डोळ्यांना चुरचुरेनासा झाला की मग बाळाला आणायचं. कोळशाची शेगडी रात्रभर बंद खोलीत ठेवणं हे या सगळ्यात सर्वांत घातक. तिच्यातून निघणारा विषारी वायू वासाला कळत नाही, आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

रात्रभराचा दिवा आणि जागरण

दिवा सकाळपर्यंत तेवायला हवा आणि तो बहुतेक घरांत पहाटे चारला विझतो, कारण तेलाचा अंदाज नसतो. आदल्या दिवशी तीच समई, तीच वात आणि मोजलेलं तेल घेऊन एक तास लावून पाहावी, किती कमी झालं ते बघावं आणि त्याला बाराने गुणावं. एका बारीक जोडवातीला रात्रभरात साधारण अर्धी ते पाऊण वाटी तेल लागतं. पाच वाती लावल्या तर त्याच्या पाचपट. म्हणून रात्री एकच वात ठेवावी. मध्यरात्री तेल ओतायला लागलंच तर वातीपासून लांब, कडेने ओतावं. वातीवर ओतलेलं तेल ज्योत बुडवतं. मध्ये विझला तर अपशकुन मानून घाबरू नये, पुन्हा लावावा. दिवा विझतो तो बहुतेक वेळा पंख्याने.

समई परातीत ठेवावी, पडद्यापासून आणि मच्छरदाणीपासून निदान चार हात दूर. आपल्या उदाहरणात खोली लहान आहे, तेव्हा समई पूजेसह बाहेरच्या खोलीत ठेवून बाळंतिणीच्या खोलीत मंद विजेचा दिवा लावणं शहाणपणाचं.

जागरण सगळ्यांनी करायचं नसतं, आणि बाळंतिणीने तर नाहीच. दोघा-तिघांत पाळ्या वाटून घ्याव्या: दहा ते एक आजी, एक ते चार बाप, चार ते उजाडेपर्यंत आत्या. जागणाऱ्याने नुसतं दिव्याकडे पाहत बसू नये. दर दोन-तीन तासांनी बाळ दूध घेतंय का, ओढणं जोरकस आहे का, अंग गार किंवा कढत लागतंय का, श्वास शांत आहे का, एवढं बघावं. दूध ओढणं बंद झालं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास होत असतील, छाती आत ओढली जात असेल, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत आला असेल किंवा नाळेभोवती लाली आणि घाण वास असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. पूजा, दिवा, कागद तसाच सोडून दवाखान्यात निघायचं. सटवाई थांबते.

बाळ दवाखान्यातच असेल तर तिथे दिवा आणि धुरी लावायचा प्रयत्न करू नये. प्राणवायूच्या नळ्या असलेल्या वॉर्डात ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. घरी पाटा मांडून पूजा करावी, आईच्या नावाने दुसरीने ओटी भरावी, कागद घरीच ठेवावा. नाहीतर बाराव्या दिवशी, बारशाआधी, हीच मांडणी करावी.

सकाळी

उजाडल्यावर दिवा आपोआप विझू द्यायचा. देवीवर अक्षता टाकून पाटा थोडा हलवला की विसर्जन झालं. कागद घडी करून आत ठेवायचा, सुपारी आणि लेकुरवाळं हळकुंड बारशापर्यंत तांदळाच्या डब्यात. राशीचे तांदूळ हळद-कुंकू लागलेले असतात, ते चिमण्यांना टाकावे किंवा गाईला, आणि कणकेचे दिवेही गाईला. तूप आणि वातीचं जळकं टोक आधी काढायचं. अडकित्त्याचे वेढे सोडून तो जागेवर. मग पाटा घासून धुवायचा, हळद टाक्यांत राहते म्हणून दोनदा, आणि उन्हात वाळला की दुपारी त्याच्यावर बाळंतिणीची आलं-लसणाची चटणी वाटायला घ्यायची.